एकाच तक्त्याची तीन उत्तरं कशी आली?

प्रश्न: सर, मी बेळगावात समाजशास्त्रात एम.ए. करते. प्रकल्पासाठी २४० घरं फिरले: शहरात पाच गल्ल्या, खानापूर तालुक्यात चार गावं, निपाणी भागात तीन वस्त्या, प्रत्येक ठिकाणी वीस घरं. घरातलं सगळ्यात लहान शाळकरी मूल कुठल्या माध्यमात शिकतं ते विचारलं. भाग आणि माध्यम यांचा संबंध आहे का, हे काय-स्क्वेअरनं बघायचं आहे. एक्सेलनं पी-व्हॅल्यू ०.३६ दिली. हातानं केलं तर काय-स्क्वेअर १३.०९ आला आणि खाने १२ म्हणून डिग्रीज ऑफ फ्रीडम ११ धरले, तेव्हा पी ०.२९ मिळाली. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर ०.०४. गाईड मॅडम म्हणतात, उर्दूच्या रकान्यात २ हा आकडा आहे म्हणून ही चाचणीच चालत नाही. कोणाचं बरोबर धरू?

| भाग | मराठी | कन्नड | इंग्रजी | उर्दू | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| बेळगाव शहर | ३२ | १८ | ४५ | ५ | १०० |
| खानापूर | ४२ | १६ | २० | २ | ८० |
| निपाणी | २२ | १४ | १९ | ५ | ६० |
| एकूण | ९६ | ४८ | ८४ | १२ | २४० |

उत्तर: तुझं १३.०९ बरोबर आहे. ०.०४ हे मैत्रिणीचं उत्तर गणित म्हणून बरोबर आहे. मॅडमची शंका योग्य जागी आहे, पण त्यांनी बोट ठेवलं ते चुकीच्या आकड्यावर. आणि खरी अडचण यांपैकी कोणीच काढलेली नाही. ती तुझ्या पहिल्या दोन वाक्यांतच आहे: प्रत्येक ठिकाणी वीस घरं. तिथं शेवटी येतो, कारण त्याआधी हे आकडे कुठून येतात ते नीट बसलं पाहिजे.

सुरुवात अपेक्षित संख्येपासून करू. समजा भागाचा आणि माध्यमाचा काडीचाही संबंध नाही. मग मराठी माध्यमाचं प्रमाण सगळीकडे सारखंच असायला हवं. ते किती, हे आपल्याला बाहेरून कोणी सांगितलेलं नाही, म्हणून तुझ्याच बेरजेतून घ्यायचं: २४० पैकी ९६, म्हणजे ४० टक्के. खानापुरात ८० घरं, त्यांचे ४० टक्के ३२. ही झाली खानापूर-मराठी या खान्याची अपेक्षित संख्या. पुस्तकात 'ओळीची बेरीज गुणिले रकान्याची बेरीज भागिले एकूण' असं सूत्र असतं, ८० × ९६ ÷ २४०, ते हेच. सगळे खाने असे भरले की हा तक्ता मिळतो:

| भाग | मराठी | कन्नड | इंग्रजी | उर्दू |
|---|---|---|---|---|
| बेळगाव शहर | ४० | २० | ३५ | ५ |
| खानापूर | ३२ | १६ | २८ | ४ |
| निपाणी | २४ | १२ | २१ | ३ |

तुझ्या बेरजा अशा पडल्यात की अपेक्षित संख्या पूर्णांकात आल्या. एरवी ३२.८४ वगैरे येतात. त्यांना पूर्णांक करायला जाऊ नकोस, 'अर्धं घर कसं असेल' हा प्रश्न इथं लागू नाही.

आता प्रत्येक खान्यात प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांतला फरक घे, त्याचा वर्ग कर आणि त्याला अपेक्षित संख्येनं भाग. खानापूर-मराठीत फरक १०, वर्ग १००, भागिले ३२, म्हणजे ३.१२५. शहर-इंग्रजीतही फरक १०च, पण भागायचं ३५नं, म्हणून २.८५७. शहर-मराठीत ६४ ÷ ४० = १.६. खानापूर-इंग्रजीत ६४ ÷ २८ = २.२८६. या चार खान्यांतच ९.८७ जमा झाले, बाकीच्या आठांत मिळून ३.२२. एकूण १३.०९. इथपर्यंत तुझं बिनचूक आहे.

बरेच जण इथं घरांची संख्या न घालता टक्केवारी घालतात, कारण प्रकल्पात तक्ता टक्केवारीतच छापलेला असतो. तुझाच तक्ता ओळवार टक्केवारीत घातला तर काय-स्क्वेअर १५.७९ येतो. कारण तीन ओळी प्रत्येकी १००, म्हणजे चाचणीला वाटतं तू ३०० घरं फिरलीस, त्यात निपाणीची ६० घरं फुगून १०० झाली. तू हे केलेलं नाहीस, पण प्रकल्पात टक्केवारी छापशील तेव्हा शेजारी मूळ संख्याही ठेव.

आता त्या ११ कडे. तुझा विचार असा होता: बारा खाने, एकूण २४० ठरलेले, म्हणून अकरा खाने भरले की बारावा आपोआप कळतो. हे एकाच ओळीच्या तक्त्याला लागू आहे. तुझ्या तक्त्यात ठरलेली गोष्ट नुसती एकूण २४० नाही. अपेक्षित संख्या काढताना तू ओळींच्या आणि रकान्यांच्या बेरजाही वापरल्यास, म्हणून त्याही ठरलेल्या धरायच्या.

कागद घे. फक्त बेरजा लिही, आतले बारा खाने रिकामे ठेव. शहराच्या ओळीत ३२, १८, ४५ भर. उर्दूचा खाना तू भरायची गरज नाही, १०० पुरे करायला तिथं ५च यावं लागतं. खानापुरात ४२, १६, २० भर. तिथं उर्दूत २ आपोआप. आता निपाणीची ओळ बघ. मराठीच्या रकान्याची बेरीज ९६, वर ३२ आणि ४२ गेले, उरले २२. कन्नडमध्ये १४, इंग्रजीत १९, उर्दूत ५. आख्खी ओळ तुझ्या हाताशिवाय भरली गेली. तू मोकळेपणानं भरलेले खाने किती? सहा. तेच डिग्रीज ऑफ फ्रीडम, पुस्तकी मराठीत स्वातंत्र्यमात्रा: ओळींतून एक कमी गुणिले रकान्यांतून एक कमी, म्हणजे २ × ३.

तुझ्या ११ पासूनही सहावर येता येतं, आणि मला तोच रस्ता जास्त पटतो. एकूण ठरल्यावर ११ उरतात, बरोबर. पण अपेक्षित संख्या बांधायला तू तुझ्याच आकड्यांतून काही प्रमाणं उसनी घेतलीस. तीन भागांपैकी दोघांचं प्रमाण (तिसरं आपोआप) आणि चार माध्यमांपैकी तिघांचं. उसने पाच. ११ वजा ५ = ६. उसनं घेतलं की अपेक्षित तक्ता प्रत्यक्षाच्या जरा जवळ ओढला जातो, फरक लहान पडतात, म्हणून त्यांना मापायची पट्टीही लहान घ्यावी लागते.

ही चूक केलीस म्हणून ओशाळू नकोस. ही चाचणी १९०० साली ज्यानं मांडली त्या कार्ल पिअर्सननं हीच चूक केली. दुतर्फा तक्त्यालाही तो खाने वजा एक असंच धरत होता. १९१५ मध्ये ग्रीनवूड आणि यूल विषमज्वर व पटकीच्या लसीचे आकडे तपासत होते. दोन ओळी, दोन रकान्यांचा साधा तक्ता, पण दोन प्रमाणांतला फरक थेट तपासला की एक उत्तर आणि पिअर्सनच्या रीतीनं काय-स्क्वेअर केला की दुसरं. त्यांना विसंगती दिसली, तिचा उलगडा मात्र झाला नाही. १९२२ मध्ये फिशरनं लिहिलं की बेरजा आकड्यांतूनच घेतल्यामुळे स्वातंत्र्यमात्रा घटते. पिअर्सननं ते मान्य केलं नाही, वाद बराच काळ चालला. पण आज सगळं जग फिशरचंच सूत्र वापरतं.

फरक किती पडतो ते तुझ्याच आकड्यात आहे. पाच टक्के पातळीला ६ डिग्रीजसाठी सीमा १२.५९ आहे, ११ साठी १९.६८. तुझा १३.०९ पहिली ओलांडतो, दुसरीच्या जवळपासही जात नाही. पी-व्हॅल्यू ६ धरून ०.०४२, ११ धरून ०.२९.

मग एक्सेलचं ०.३६ कुठून आलं? मी १३.०९ ला १२ डिग्रीज लावून बघितले तर बरोबर ०.३६ येतं. बारा येण्याची एकच सोपी वाट आहे: तू आकडे निवडताना 'एकूण'ची ओळ आणि 'एकूण'चा रकानाही निवडलास. `CHISQ.TEST` हे फंक्शन स्वातंत्र्यमात्रा विचारत नाही, निवडलेल्या पट्ट्याच्या आकारावरून स्वतःच धरतं. चार ओळी, पाच रकाने, म्हणून ३ × ४ = १२. बेरजांच्या खान्यांत प्रत्यक्ष आणि अपेक्षित सारखेच असतात, त्यांचा वाटा शून्य येतो, म्हणून काय-स्क्वेअर १३.०९च राहतो आणि चूक कुठं दिसत नाही. ही चूक मी परीक्षक म्हणून इतक्या प्रबंधांत पाहिली आहे की आता ०.३६ सारखा विचित्र आकडा दिसला की आधी डिग्रीज मोजतो. तपासायचं असेल तर `=CHISQ.DIST.RT(13.09,6)` एवढं टाइप कर, ०.०४२ आलं पाहिजे.

'आर' वापरणार असशील तर एवढं पुरे:

```r
t <- matrix(c(32,18,45,5, 42,16,20,2, 22,14,19,5),
            nrow = 3, byrow = TRUE)
k <- chisq.test(t)
k
k$expected
k$stdres
```

`df = 6` दिसलं की तक्ता बरोबर गेला. खाली एक इशाराही येईल, की अंदाज चुकीचा असू शकतो. तो मॅडमच्या शंकेशी जोडलेला आहे.

मॅडम म्हणतात २ आहे म्हणून चालत नाही. नियम प्रत्यक्ष संख्येचा नाही, अपेक्षित संख्येचा आहे. प्रत्यक्षात शून्य आलं तरी चालतं, अपेक्षित लहान असून चालत नाही. तुझ्या तक्त्यात पाचापेक्षा लहान अपेक्षित संख्या दोनच: खानापूर-उर्दू ४ आणि निपाणी-उर्दू ३. कॉक्रननं १९५४ मध्ये दिलेला आणि अजून सगळे वापरतात तो ठोकताळा असा की, पाचाखालचे खाने एकूण खान्यांच्या वीस टक्क्यांहून जास्त नसावेत आणि एकाखाली एकही नसावा. बारापैकी दोन म्हणजे १७ टक्के. बसतं, पण काठावर. 'आर' मात्र एक जरी खाना पाचाखाली असला तरी ओरडतो.

हा नियम का आहे, हे निपाणीच्या ओळीत छान दिसतं. तिथं चारही खान्यांत फरक दोन-दोनच घरांचा आहे. मराठीत त्या दोन घरांचा वाटा ४ ÷ २४, म्हणजे ०.१७. उर्दूत तेवढ्याच दोन घरांचा वाटा ४ ÷ ३, म्हणजे १.३३. आठपट. तू त्या दिवशी पलीकडच्या गल्लीत शिरली असतीस आणि उर्दूची पाचऐवजी तीन घरं मिळाली असती, तर हा आकडा जवळपास शून्य झाला असता. लहान भाजकामुळे एखाद-दुसरं घर सगळ्या उत्तराला धक्का देतं. मॅडमची धास्ती इथली आहे आणि ती रास्त आहे.

यावर उपाय म्हणून उर्दू दुसऱ्या रकान्यात मिसळायचा सल्ला कोणीतरी देईल. कशात मिसळणार? उर्दू आणि कन्नड एकत्र करून जो रकाना होईल त्याला नाव काय देशील? गणितासाठी मिसळलेल्या गटाला अर्थ नसेल तर त्यातून निघालेल्या निष्कर्षालाही नसतो. त्यापेक्षा उर्दूची १२ घरं बाजूला ठेवून उरलेल्या २२८ घरांवर तीन बाय तीनचा तक्ता कर आणि उत्तर बदलतं का बघ. बेरजा आणि अपेक्षित संख्या नव्यानं काढायच्या, जुन्या नाही चालणार. मी करून बघितलं: काय-स्क्वेअर १०.५२, स्वातंत्र्यमात्रा २ × २ = ४, सीमा ९.४९, पी ०.०३३. निष्कर्ष तोच. म्हणजे तुझा निकाल उर्दूच्या रकान्यावर उभा नाही. प्रकल्पात दोन्ही दे, मॅडमचं समाधान होईल.

संबंध आहे म्हटलं, पण कुठे? काय-स्क्वेअर हे एकच ढोबळ गाठोडं आहे, ते सोडून आत बघावं लागतं. वर `stdres` मागितलं ते त्यासाठी. प्रत्येक खान्यातला फरक त्या खान्याच्या स्वाभाविक चढउताराच्या किती पट आहे ते त्यात मिळतं. खानापूर-मराठी २.८ आणि शहर-इंग्रजी २.७ हे दोन सगळ्यात मोठे. खानापूर-इंग्रजी उणे २.३, शहर-मराठी उणे २.१. निपाणीची ओळ थंड आहे, सगळं दीडच्या आत. एकट्या खान्याला १.९६ ची सीमा लावतात, पण तू एकदम बारा खाने बघतेस, तेव्हा सीमा २.८७ च्या आसपास न्यावी लागते. तिथं तुझा एकही खाना पोचत नाही. म्हणून 'खानापुरात मराठीकडे आणि शहरात इंग्रजीकडे कल दिसतो' असं लिही, 'सिद्ध झाले' असं नको.

आपल्या भागात या तक्त्यातला कुठला रकाना आधी वाचला जाईल हे मी सांगायला नको. म्हणून मुद्दाम सांगतो: कन्नडच्या रकान्यात १८, १६, १४ आहेत आणि अपेक्षित २०, १६, १२. तिथं काहीही घडलेलं नाही. तसं स्पष्ट लिही, नाहीतर तुझ्या तक्त्यावर दुसराच कोणीतरी स्वतःचं वाक्य लिहील.

संबंधाची ताकद वेगळी मोजायची. क्रेमरचा व्ही म्हणून एक माप आहे: १३.०९ भागिले २४० × २, त्याचं वर्गमूळ. दोन का, तर ओळी आणि रकाने यांतला लहान आकडा तीन, त्यातून एक वजा. येतं ०.१६५, म्हणजे संबंध क्षीण. पी लहान म्हणजे संबंध घट्ट, असं नसतं. हीच प्रमाणं ठेवून २४०० घरं फिरलीस तर काय-स्क्वेअर १३०.९ होईल आणि व्ही ०.१६५च राहील.

आता ते वीस घरांचं.

काय-स्क्वेअरच्या सगळ्या गणितामागे एक अट आहे: प्रत्येक घराचं उत्तर दुसऱ्या घराच्या उत्तरापासून सुटं असावं. तू प्रत्येक घरातून एकच मूल धरलंस हे फार चांगलं केलंस. सगळी भावंडं मोजली असतीस तर एकाच घराचा निर्णय दोन-तीनदा मोजला गेला असता, आणि थोरला मराठीत, धाकटी इंग्रजीत अशी घरं कुठं घालायची हा घोळ वेगळाच. पण शेजारी घरं सुटी आहेत का? जांबोटी-कणकुंबीकडच्या एखाद्या गावात चालत जाण्याइतक्या अंतरावर एकच मराठी शाळा असेल, तर वीसच्या वीस घरं जवळपास एकच उत्तर देतील. ती वीस उत्तरं नव्हेत, एक उत्तर वीसदा ऐकलेलं. शहरातल्या एखाद्या गल्लीच्या तोंडाशी इंग्रजी शाळेची बस थांबत असेल तर तिथंही तेच.

हे मी स्वतः ठेच लागून शिकलो. उमेदीच्या काळात एका पाहणीत मी मोजक्या वस्त्यांतली पुष्कळ घरं एका दमात उरकली होती, पी-व्हॅल्यू इतकी देखणी आली की अहवाल छापूनही झाला. दुसऱ्या वर्षी वस्त्या बदलल्या आणि संबंध गायब झाला. घरं भरपूर होती, वस्त्या चारच होत्या.

शेजाऱ्यांतल्या या साम्याला एक आकडा देता येतो, त्याला इंट्राक्लास कोरिलेशन म्हणतात. शून्य म्हणजे शेजारी असण्यानं काही फरक पडत नाही, एक म्हणजे सगळ्या गल्लीचं एकच उत्तर. माहिती किती पटींनी फुगली आहे, ते मग असं निघतं: १ अधिक (वीस वजा एक) गुणिले ते साम्य. याला डिझाइन इफेक्ट म्हणतात. साम्य ०.०५ एवढं माफक धरलं तरी १ + १९ × ०.०५ = १.९५. तुझा १३.०९ याला भागला की ६.७१ उरतो. सीमा १२.५९. संबंध दिसेनासा झाला. उलट बाजूनं बघ: १३.०९ आणि १२.५९ यांत अंतर इतकं थोडं आहे की डिझाइन इफेक्ट १.०४ झाला तरी तू सीमेच्या खाली जातेस. त्याला साम्य ०.००२१ पुरेसं आहे. एकाच गल्लीतल्या शाळकरी मुलांच्या पालकांत एवढंही साम्य नसेल, असं बेळगावात राहणारा कोणी म्हणेल असं मला वाटत नाही.

पण अंदाजावर कशाला जायचं, तुझ्याकडे प्रत्येक गावाचे आकडे आहेत. खानापुरात मराठीची ४२ घरं आहेत. ती चार गावांत कशी वाटली गेली आहेत ते बघ. समजा ११, १०, ११, १० अशी. सरासरी १०.५, म्हणजे प्रत्येक गाव जवळपास सारखं. याच चार गावांचा 'मराठी' आणि 'इतर' असा चार बाय दोनचा तक्ता करून काय-स्क्वेअर काढला तर ०.२० येतो. मग वीस-वीस घरांची चिंता खानापुरापुरती सोडून दे. पण समजा ती १८, १३, ७, ४ अशी आहेत. बेरीज तीच ४२, मोठ्या तक्त्यात तिळमात्र फरक नाही. अपेक्षित मराठीत १०.५ आणि इतरमध्ये ९.५. फरक ७.५, २.५, उणे ३.५, उणे ६.५. काय-स्क्वेअर येतो २३.४६, स्वातंत्र्यमात्रा ३, सीमा ७.८१. म्हणजे खानापूर नावाचा एक गठ्ठा अस्तित्वातच नाही. चार गावं आपापल्या वाटेनं चालली आहेत आणि त्यांची सरासरी तू शहराच्या सरासरीशी ताडून बघते आहेस.

इथं आणखी एक गोष्ट हाताशी लागते. गावं खरोखर सारखी असतील तर काय-स्क्वेअर साधारण आपल्या स्वातंत्र्यमात्रेएवढा येतो, म्हणजे भागाकार एकच्या आसपास. २३.४६ ÷ ३ = ७.८. तोच डिझाइन इफेक्टचा कच्चा अंदाज. तिन्ही भागांसाठी असा काय-स्क्वेअर काढ, तिघांची बेरीज कर, स्वातंत्र्यमात्रांची बेरीज कर (शहर ४, खानापूर ३, निपाणी २, एकूण ९) आणि भाग. आलेला आकडा एकापेक्षा बराच मोठा असेल तर ०.०४२ हा आकडा प्रकल्पात एकटा छापायचा नाही.

नीटस दुरुस्ती जे. एन. के. राव आणि ए. जे. स्कॉट यांनी १९८१ आणि १९८४ च्या लेखांत दिली, आणि 'आर'च्या `survey` पॅकेजात ती तयार आहे. त्यासाठी तक्ता नको, घरागणिक एक ओळ असलेली मूळ यादी लागते, त्यात भाग, वस्ती आणि माध्यम असे तीन रकाने:

```r
library(survey)
d <- svydesign(ids = ~vasti, strata = ~bhag,
               weights = ~1, data = ghare)
svychisq(~bhag + madhyam, d)
```

वस्त्यांना क्रमांक देताना १ ते १२ असे सलग दे. प्रत्येक भागात पुन्हा १ पासून सुरू केलेस तर प्रोग्रॅम तक्रार करेल. वस्त्या बाराच असल्यामुळे ही दुरुस्तीही फार मजबूत नाही. पण जे मोजलं ते कशावर मोजलं, हे तरी ती कबूल करते.

पुढच्या खेपेला २४० घरंच परवडत असतील तर वीस घरांच्या बारा वस्त्या घेण्याऐवजी सहा घरांच्या चाळीस वस्त्या घे. ०.०५ साम्य धरलं तरी डिझाइन इफेक्ट १.२५ वर येतो. खानापूर तालुक्यात एसटीच्या फेऱ्या बघता हे सांगणं सोपं आणि करणं अवघड आहे, मला ठाऊक आहे. या खेपेला मात्र आधी एक कागद घे आणि बारा वस्त्यांतली मराठीची घरं बारा आकड्यांत लिही. तो कागद मॅडमना दाखव, त्यानंतर ०.०४२ चं काय करायचं ते दोघी मिळून ठरवा.